‘छपरावरून’ ते ‘छप्पर’: शब्दकोशात शोधण्यासाठी मूळ शब्द कसा गाठावा

हे साधे वाक्य घ्या: ‘पावसाळ्यात विहिरीजवळच्या देवळाच्या छपरावरून पडणाऱ्या पाण्याने भिंतींना ओल आली होती.’ यात दहा शब्द आहेत. ते आहेत तसेच कोशात शोधायला गेलात, तर भरवशाने सापडेल तो एकच, ‘ओल’. बाकीचे नऊ कोशात आहेत, पण वेगळ्या रूपात. कोशकार नाम एकवचनात आणि प्रत्ययाशिवाय नोंदवतात. ‘चांगला-चांगली-चांगले’सारखे बदलणारे विशेषण पुल्लिंगी एकवचनात देतात, आणि क्रियापद ‘णे’ लावून. आपल्याला वाक्यातल्या रूपापासून उलट्या दिशेने तिथवर जायचे असते.

‘प्रत्यय काढून टाका’ एवढेच सांगून हे काम भागत नाही. ‘छपरावरून’मधून ‘वरून’ काढले की ‘छपरा’ उरते, आणि ‘छपरा’ही कोशात नाही. प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम स्वतः बदलते. त्या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. म्हणजे काम दोन टप्प्यांचे आहे: आधी प्रत्यय उतरवायचे, मग सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखायचा. पहिला टप्पा सोपा आहे. बहुतेक जण अडतात ते दुसऱ्यात.

उजवीकडून, एकेक थर

मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी आणि ठरावीक क्रमाने चढतात, म्हणून उतरवायचे तेही शेवटाकडून. ‘घरासमोरच्याच’ पाहा. अगदी बाहेर ‘च’ आहे. त्याच्या जागी ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ असू शकते. तो काढला की षष्ठीचा ‘च्या’ लागतो. हा ‘चा’ विशेषणासारखा बदलतो, म्हणून चा, ची, चे, च्या यांपैकी काहीही दिसले तरी ते एकच समजावे. त्याच्या आत ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय आहे. तेही काढले की ‘घरा’, आणि त्यावरून ‘घर’.

आतल्या थरात दोन प्रकारच्या गोष्टी भेटतात. एक, विभक्तीचे छोटे प्रत्यय: स, ला, ना, ने, नी, शी, त, ऊन, हून. दोन, शब्दयोगी अव्यये: वर, खाली, जवळ, समोर, मध्ये, कडे, साठी, मुळे, पासून, पर्यंत, पेक्षा, बद्दल, शिवाय आणि अशी आणखी कितीतरी. ‘वरून’, ‘कडून’, ‘मधून’, ‘खालून’ यांत अव्ययालाच ‘ऊन’ चिकटलेला असतो; ते अख्खे काढलेले बरे. ‘घरी’, ‘दारी’, ‘सकाळी’ यांतला सप्तमीचा ‘ई’ वेगळा अक्षर म्हणून दिसत नाही, तो शेवटच्या व्यंजनावरच बसतो. तिथे ‘ी’ पुसली की मूळ शब्द समोर येतो.

प्रत्ययासारखा दिसणारा शेवट हा दर वेळी प्रत्यय नसतो. ‘लोणचे’मध्ये ‘चे’ नाही, ‘बंगला’मध्ये ‘ला’ नाही, ‘सूचना’मध्ये ‘ना’ नाही. ओळखण्याची एक चांगली खूण आहे. विभक्तीचा प्रत्यय सामान्यरूपावर बसतो, आणि मराठी नामाचे सामान्यरूप साधारणपणे आ, ए, ई, ऊ अशा दीर्घ स्वराने संपते. ‘चे’ काढल्यावर ‘लोण’, ‘ला’ काढल्यावर ‘बंग’, ‘ना’ काढल्यावर ‘सूच’ असे ‘अ’ने संपणारे काही उरले, की थांबा. बहुधा तो शब्द अख्खाच मूळ आहे. ही खूण तीन ठिकाणी चालत नाही: माणसांची आणि काही गावांची नावे (रमेशला, नाशिकला), अलीकडे आलेले परभाषी शब्द (बसने, ट्रेनला), आणि काळ-स्थळ दाखवणारी अव्यये (कालचा, वरचा). ‘काच’, ‘शेत’ अशा छोट्या शब्दांत तर ‘च’ किंवा ‘त’ काढल्यावर अर्थाचे काहीच उरत नाही, त्यामुळे ते लगेच लक्षात येतात. सवय म्हणून प्रत्येक थर काढण्याआधी हातातले रूप एकदा कोशात पाहून घ्यावे. त्यात वेळ जात नाही.

उरलेल्या स्वराकडे बघा

आता मुख्य भाग. सामान्यरूपाचा शेवटचा स्वर मूळ शब्दाचे लिंग आणि शेवट सांगतो. पूर्ण नाही, पण पर्याय दोन-तीनवर आणून ठेवतो.

शेवटी साधा ‘आ’ असेल तर मूळ शब्द बहुधा ‘अ’ने संपणारा पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी असतो: दगडा–दगड, घरा–घर. नपुंसकलिंगी ऊकारान्तही इथेच येतात: लिंबा–लिंबू, वासरा–वासरू, पाखरा–पाखरू. ‘काका’, ‘दादा’, ‘राजा’ हे मुळातच तसे असतात.

शेवटी ‘ए’ असेल तर शब्द स्त्रीलिंगी, आणि मूळ शेवट ‘आ’ किंवा ‘अ’: शाळेत–शाळा, वाटेत–वाट. शेवटी ‘ई’ असेल तर बहुधा स्त्रीलिंगी ‘अ’ किंवा स्त्रीलिंगी ‘ई’: भिंतीला–भिंत, नदीला–नदी. ‘कवी’, ‘हत्ती’ असे काही पुल्लिंगी शब्दही न बदलता राहतात.

शेवटी ‘या’चे जोडाक्षर असेल तर तीन पर्याय तपासावे लागतात: पुल्लिंगी ‘आ’ (घोड्याला–घोडा), नपुंसकलिंगी ‘ए’ (तळ्यात–तळे) आणि ‘ई’, जी नपुंसकलिंगी (पाण्यात–पाणी) किंवा पुल्लिंगी (माळ्याला–माळी) असू शकते. ‘यां’ असे अनेकवचन असेल तर स्त्रीलिंगी ‘ई’ची त्यात भर पडते: नद्यांना–नदी.

या खुणेचा खरा उपयोग कळतो तो सारखे दिसणारे शब्द जवळजवळ आल्यावर. ‘नावाला’मधला ‘आ’ सांगतो की हे नपुंसकलिंगी ‘नाव’, म्हणजे आपण हाक मारतो ते. ‘नावेला’मधला ‘ए’ सांगतो की ही स्त्रीलिंगी ‘नाव’, पाण्यात चालणारी. कोशात या दोन वेगळ्या नोंदी असतात, आणि कोणती वाचायची हे त्या एका स्वराने ठरते. तसेच ‘वाटेला’ आले तर ‘वाट’, ‘वाटीला’ आले तर ‘वाटी’, ‘वाट्याला’ आले तर ‘वाटा’ म्हणजे हिस्सा. ‘वाट्यांना’ मात्र ‘वाटा’चेही अनेकवचन असू शकते आणि ‘वाटी’चेही. तिथे रूप काही सांगत नाही, सोबतचा शब्द पाहावा लागतो: ‘दोन्ही भावांच्या वाट्यांना’ की ‘स्टीलच्या वाट्यांना’.

असेच ‘पुण्याला’. गावाचे नाव ‘पुणे’ नपुंसकलिंगी एकारान्त, त्याचे सामान्यरूप ‘पुण्या’. पापाच्या उलट असलेले ‘पुण्य’ अकारान्त, त्याचेही सामान्यरूप ‘पुण्या’. ‘भावाने’ही तसेच: ‘माझ्या भावाने’मध्ये मूळ शब्द ‘भाऊ’, ‘चढ्या भावाने’मध्ये ‘भाव’. शेवटी ‘वा’ दिसला की ‘व’ने संपणारा शब्द (गाव, देव) आणि ऊकारान्त शब्द (भाऊ, विंचू–विंचवाला) असे दोन्ही रस्ते तपासायला हवेत.

काही जोड्यांत शुद्धलेखन मदतीला येते, पण लिहिणाऱ्याने काळजी घेतली असेल तरच. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप ‘शा’ होते: ससा–सशाला, पैसा–पैशाला, आरसा–आरशात. म्हणून ‘माशांना’ म्हणजे मासे आणि ‘माश्यांना’ म्हणजे माशी या किड्याचे अनेकवचन. ‘पक्षांची बैठक’ पक्षाची, ‘पक्ष्यांची घरटी’ पक्ष्याची. ‘दऱ्यांमध्ये’ लिहिले असेल तर ‘दरी’, ‘दर्यात’ लिहिले असेल तर समुद्र या अर्थाचा ‘दर्या’. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर हे फरक सर्रास पुसले जातात, म्हणून अशा जोडीत दोन्ही नोंदी उघडून वाक्याच्या अर्थावर निर्णय घ्यावा.

थोडे शब्द नियमाबाहेरचे आहेत आणि ते लक्षातच ठेवायचे. ‘मुलीला’वरून ‘मुलगी’, ‘बायकांना’वरून ‘बायको’. ‘मुलाला’ हे ‘मूल’चे रूप आहेच, पण बोलताना आणि लिहिताना ते ‘मुलगा’साठीही सर्रास येते. सर्वनामे तर जवळजवळ सगळीच बदलतात: ‘माझ्या’ आणि ‘मला’ यांचे मूळ ‘मी’, ‘त्याला’चे ‘तो’, ‘तिला’चे ‘ती’, ‘ज्याचा’चे ‘जो’, ‘कशाला’चे ‘काय’.

शेवट बरोबर, तरी शब्द मिळत नाही

शेवटचा स्वर बरोबर बसवला तरी ‘विहिर’, ‘देवळ’, ‘छपर’ अशी रूपे हाती येतात आणि कोश गप्प राहतो. कारण सामान्यरूप होताना शब्दाचा मधला भागही बदलतो. हे बदल मोजके आहेत, ते उलटे फिरवायचे.

सर्वांत जास्त वेळा लागणारा बदल म्हणजे ह्रस्व झालेला स्वर पुन्हा दीर्घ करणे. मराठी शब्दातले शेवटून दुसरे ‘ई’ किंवा ‘ऊ’ सामान्यरूपात ह्रस्व होते: विहिरी–विहीर, फुला–फूल, गुळा–गूळ, गरिबा–गरीब. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे करत नाहीत, ‘शरीराला’चे ‘शरीर’ दीर्घच राहते. म्हणून उपान्त्य ह्रस्व दिसले तर दीर्घ करून पाहायचे, आणि आधीच दीर्घ असेल तर हात लावायचा नाही.

काही तीन अक्षरी शब्दांत मधला ‘ई’ किंवा ‘ऊ’ पूर्ण नाहीसा होऊन तिथे ‘अ’ येतो: लाकडा–लाकूड, माणसा–माणूस, कापसा–कापूस, बेरजे–बेरीज. मधले अक्षर सुटे ‘ऊ’ असेल तर त्याच्या जागी ‘व’ दिसतो: पावसा–पाऊस, देवळा–देऊळ. मधल्या ‘क’ किंवा ‘प’चे द्वित्व जाते: रकमेला–रक्कम, चपलेला–चप्पल, छपरा–छप्पर. आणि ‘म’च्या आधीचा अनुस्वार पडतो: किमतीला–किंमत, गमतीने–गंमत. ‘किमत’ शोधून सापडले नाही म्हणून कोश बंद करण्यापूर्वी एकदा अनुस्वार देऊन पाहावे.

मूळ शब्द मिळाला असे वाटले की उलट तपासणी करा. सापडलेल्या शब्दाला तोच प्रत्यय मनातल्या मनात लावून पाहा. ‘छप्पर’ला ‘वरून’ लावले की ‘छपरावरून’ होते, म्हणजे जुळले. ‘पाण्याने’साठी चुकून ‘पान’ धरला असेल तर ‘पान + ने’चे ‘पानाने’ होते, ‘पाण्याने’ नाही. चूक तिथेच पकडली जाते.

क्रियापदे: धातू शोधा, ‘णे’ लावा

आपल्या वाक्यातला ‘पडणाऱ्या’ नामासारखा दिसतो. ‘ऱ्या’वरून ‘रा’ केला की ‘पडणारा’ होते, आणि ‘णारा’ काढला की ‘पड’ हा धातू. त्याला ‘णे’ लावून ‘पडणे’ शोधायचे. क्रियापदांपासून बनलेल्या रूपांत अशा थोड्याच खुणा फिरून फिरून येतात: ‘णारा’, ‘लेला’ (पडलेल्या), ‘ताना’ (पडताना), ‘ऊन’ (पडून), ‘ल्या’ आणि त्यापुढे ‘वर’ किंवा ‘मुळे’ (पडल्यावर), ‘आय’ आणि त्यापुढे ‘ला’ किंवा ‘चा’ (पडायला), ‘आवा’ (पडावा). ‘पडण्यासाठी’ हे तर नामाच्याच नियमाने सुटते: ‘साठी’ काढले की ‘पडण्या’ उरते, आणि ‘तळ्या’वरून ‘तळे’ होते तसे ‘पडण्या’वरून थेट ‘पडणे’.

स्वराने संपणारे छोटे धातू ‘आ’च्या आधी रूप पालटतात, तेवढे ओळखीचे असावेत. ‘द्यायला’, ‘द्यावे’ म्हणजे ‘देणे’. ‘घ्यायला’ म्हणजे ‘घेणे’. ‘न्यायला’ म्हणजे ‘नेणे’. ‘यायला’ म्हणजे ‘येणे’. ‘व्हायला’ म्हणजे ‘होणे’. ‘लिहायला’मध्ये धातूचा ‘इ’ लपतो. कोशात ‘लिहिणे’ पाहावे. त्याच्या उलट ‘पाहिले’, ‘राहिले’, ‘वाहिले’ यांत ‘इ’ फक्त भूतकाळापुरता आलेला असतो. मूळ ‘पाहणे’, ‘राहणे’, ‘वाहणे’.

भूतकाळात सर्वांत जास्त फसायला होते. साध्या क्रियापदात ‘ला’ किंवा ‘आला’ काढला की धातू मिळतो: बसला–बसणे, पळाला–पळणे. पण रोज सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदेच याला अपवाद आहेत. केला–करणे, मेला–मरणे, गेला–जाणे, आला–येणे, झाला–होणे, दिला–देणे ही पाठच हवीत. ‘नेला’ याच चालीवर दिसतो, पण तो सरळ ‘नेणे’च आहे. दुसऱ्या गटात ‘ला’च्या आधी जादा ‘त’ किंवा ‘इत’ येतो: घेतला–घेणे, धुतला–धुणे, सांगितला–सांगणे, मागितला–मागणे. ‘सांगितलेल्यापेक्षाही’सारखे लांब रूप आले तरी क्रम तोच: ‘ही’ काढा, ‘पेक्षा’ काढा, ‘लेल्या’ काढा, उरलेल्या ‘सांगित’मधला ‘इत’ काढा, आणि ‘सांगणे’ पाहा. ‘घातला’मध्ये मात्र ‘त’ काढून ‘घाणे’ शोधू नका. तिथे धातूतला ‘ल’ गेलेला आहे आणि मूळ ‘घालणे’ आहे. ‘म्हटला’मध्येही ‘ण’ गेलेला आहे, मूळ ‘म्हणणे’.

आपल्या वाक्याचा शेवट ‘आली होती’. ‘आली’चे मूळ ‘येणे’. ‘होती’ पाहून हात सहज ‘होणे’कडे जातो, पण इथे ते ‘असणे’चे भूतकाळी रूप आहे, ‘होणे’चे भूतकाळी रूप ‘झाली’. ‘होतो’ दोन्हीकडून येऊ शकतो: ‘मी तिथे होतो’मध्ये ‘असणे’, ‘रोज उशीर होतो’मध्ये ‘होणे’. ‘आहे’ही ‘असणे’चाच, आणि ‘नव्हता’ ‘नसणे’चा.

एक ठिकाण असे आहे जिथे जास्त काढणे नुकसान करते. ‘बसवलेल्या’मधून ‘लेल्या’ काढले की ‘बसव’ उरतो. तिथेच थांबून ‘बसवणे’ किंवा ‘बसविणे’ शोधावे, कारण दुसऱ्याकडून करवून घेण्याच्या अर्थाच्या क्रियापदाची कोशात सहसा स्वतंत्र नोंद असते आणि अर्थही थोडा पुढे गेलेला असतो. ‘कारखान्यात यंत्र बसवले’चा अर्थ नुसत्या ‘बसणे’खाली कळणार नाही. शिवाय प्रत्येक ‘व’ असा लावलेला नसतो. ‘ठेवणे’, ‘जेवणे’, ‘धावणे’ यांत तो धातूचाच आहे.

बोलीतले लेखन वाचत असाल तर आधी शेवटचा अनुस्वार ‘ए’ करून घ्या: पाण्यानं–पाण्याने, केलं–केले, तळं–तळे. ‘करतोय’, ‘गेलाय’, ‘केलंय’ यांतला ‘य’ म्हणजे चिकटलेला ‘आहे’. तो वेगळा केला की वरचीच रीत लागू होते.

जुन्या कोशात शोधताना

शेवटची अडचण कोशाच्या बाजूची आहे. आज आपण लिहितो ते शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवर आधारलेले आहे. त्यातले पहिले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, आणि १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारलेली दुसरी १८५७ ची, म्हणजे या नियमांच्या कितीतरी आधीची. इंटरनेटवर तो सहज शोधता येतो, पण त्यात ‘करणे’ नाही, ‘करणें’ आहे. ‘तळे’ नाही, ‘तळें’ आहे. नपुंसकलिंगी एकारान्त नामे आणि सगळी क्रियापदे यांच्या शेवटी अनुस्वार द्यावा लागतो. ‘गाव’, ‘नाव’ यांसाठी ‘गांव’, ‘नांव’ करून पाहावे. संस्कृत शब्दांचा शेवट तिथे ह्रस्व असतो, म्हणून ‘कवी’, ‘गुरू’, ‘शक्ती’ यांऐवजी ‘कवि’, ‘गुरु’, ‘शक्ति’. शोधखिडकीत टंकलेला शब्द अक्षर न् अक्षर जुळावा लागत असेल, तर एवढ्याशा फरकानेही नोंद सापडत नाही. ‘ाने’, ‘ावरून’ अशी टोके बरोबर उतरवूनही शब्द मिळाला नाही, तर विश्लेषण चुकले असे मानण्याआधी हे तीन बदल करून पाहावेत.